फोटोतल्या ड्रॉइंगवर k6 आहे की h6? एका शाफ्टचं ड्रॉइंग वाचताना

प्रश्न: सर, मी नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि अंबडला एका शॉपमध्ये ट्रेनिंगला जाते. सुपरवायझरनी शाफ्टच्या ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलाय आणि "हे नीट वाचून ये, उद्या जॉब लावायचाय" असं सांगितलंय. खालच्या चौकटीत काय काय बघायचं? Ø25 च्या पुढचं अक्षर k आहे की h? आणि त्या टिकमार्कसारख्या खुणा कशा वाचायच्या? काही आकडे पुसट आहेत.

उत्तर: तुझा फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. ते अक्षर k आहे असं माझं मत आहे. का, ते पुढे सांगतो. पण आधी फोटोवरून ड्रॉइंग वाचायची माझी पद्धत सांगतो, कारण सातपूरला इतकी वर्षं इन्स्पेक्शन बघताना मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झालाय. फोटोत आकडा पुसट असेल तर मी त्या आकड्याकडेच टक लावून बसत नाही. त्याच ड्रॉइंगवर त्याचा दुसरा पुरावा शोधतो. लांबी पुसट असेल तर बाकीच्या लांब्यांची बेरीज करून बघतो, टॉलरन्स पुसट असेल तर तक्ता बघतो, फिनिशचा आकडा पुसट असेल तर ठरलेली मालिका बघतो. दुसरा पुरावा जुळला तर आकडा धरायचा. नाही जुळला तर विचारायचं, आणि विचारून उत्तर येईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

सुरुवात टायटल ब्लॉकपासून कर, म्हणजे उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीपासून. बहुतेक मुलं आधी शाफ्टचं चित्र बघतात आणि चौकटीकडे शेवटी वळतात. पण चित्रातल्या प्रत्येक आकड्याचा अर्थ त्या चौकटीत ठरलेला असतो. तुझ्या फोटोत नेमका तिथेच कोणाचा तरी अंगठा आलाय आणि रिव्हिजनचा रकाना झाकला गेलाय. ही या फोटोतली सगळ्यात मोठी उणीव आहे, पुसट आकड्यांपेक्षाही मोठी. ड्रॉइंग नंबर तोच राहतो, आतली मापं बदलतात आणि रिव्हिजनचं अक्षर A वरून B, B वरून C होतं. मोबाइलच्या गॅलरीत सहा महिन्यांपूर्वीचा फोटोही आजच्या फोटोइतकाच ताजा दिसतो. उद्या गेल्यावर जॉब कार्डवर किंवा ऑर्डरवर कोणती रिव्हिजन लिहिलीय ते बघ आणि मूळ शीटवरच्या अक्षराशी जुळव. बदललेल्या मापाशेजारी पुष्कळदा छोट्या त्रिकोणात किंवा गोलात तेच अक्षर असतं, तेही शोध.

त्याच चौकटीत SHEET 1 OF 2 असं दिसतंय. म्हणजे दुसरी शीट आहे आणि ती तुला पाठवलेलीच नाही. हीट ट्रीटमेंट, मार्किंग, पॅकिंग अशा सूचना पुष्कळदा दुसऱ्या शीटवर असतात. ती मागून घे.

स्केल 1:1 लिहिलंय त्याचा फोटोत काहीच उपयोग नाही. फोटो तिरका काढला की शीटची एक बाजू आखडते. स्क्रीनवर पट्टी लावून माप काढायचं नाही, आणि एका लांबीच्या प्रमाणात दुसरी लांबी अंदाजानेही काढायची नाही.

प्रोजेक्शनची खूण मात्र बघ, म्हणजे कापलेला शंकू आणि शेजारी दोन गोल. कॉलेजात "फर्स्ट अँगलमध्ये शंकू डावीकडे" असं पाठ करून घेतात, पण खूण कधी उलट बाजूनेही काढलेली असते. त्यापेक्षा हे लक्षात ठेव: शंकूचं निमुळतं टोक गोलांकडे असेल तर थर्ड अँगल, रुंद टोक गोलांकडे असेल तर फर्स्ट अँगल. तुझ्या फोटोत रुंद टोक गोलांकडे आहे, म्हणजे फर्स्ट अँगल. या शाफ्टला एका टोकाला की-वे आहे आणि शेजारी एंड व्ह्यू आहे. तो व्ह्यू कोणत्या टोकाकडून बघितलाय हे याच खुणेवरून कळतं.

आता लांब्या. शाफ्टला चार पायऱ्या आहेत: एका टोकाला Ø25 ची १५ लांबी, मग Ø32, मग पुन्हा Ø25 ची १५ लांबी, आणि शेवटी की-वे असलेला Ø20, त्याची लांबी कंसात (40). पूर्ण लांबी १३० स्वच्छ वाचता येते. Ø32 ची लांबी पुसट आहे, ६० किंवा ८० वाटते. बेरीज कर: १३० मधून १५, १५ आणि ४० वजा केले की ६० उरतात. हा पहिला पुरावा. दुसरा पुरावा चौकटीतच आहे, वजन ०.५९ किलो. स्टीलची घनता ७.८५ धरून चारही पायऱ्यांचं घनफळ काढलं, तर ६० लांबीला वजन साधारण ०.५९ किलो येतं आणि ८० लांबीला ०.७२ किलो. की-वेमुळे कमी होणारं वजन चार-पाच ग्रॅमच आहे, ते सोडून दे. म्हणजे ६० पक्कं. वजनाचा हा पुरावा वापरताना ते तयार पार्टचं वजन आहे ना, एवढं तपास. रॉ मटेरियलचं वजन लिहिलं असेल तर ३५ च्या बारचा १३५ लांबीचा तुकडाच एक किलोच्या वर जातो आणि हिशोब जुळत नाही.

कंसातल्या ४० बद्दल थोडं थांबतो, कारण इंटरव्ह्यूला हा प्रश्न मी स्वतः विचारतो. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, त्याला टॉलरन्स नसतो आणि ते तपासायचं नसतं. का? चौकटीत ISO 2768-mK लिहिलंय. ज्या मापाला स्वतःचा टॉलरन्स नाही त्याला या एका ओळीने टॉलरन्स मिळतो. छोटा m म्हणजे मध्यम वर्ग. त्यात ६ च्या वर ३० पर्यंतच्या मापाला ±०.२, ३० च्या वर १२० पर्यंत ±०.३ आणि १२० च्या वर ४०० पर्यंत ±०.५ मिलिमीटर. म्हणजे पूर्ण लांबी १३० ±०.५, दोन्ही १५ ला ±०.२ आणि ६० ला ±०.३. ही सगळी सैल बाजू एकाच दिशेला गेली तर शेवटच्या पायरीची लांबी ३८.८ पासून ४१.२ पर्यंत कुठेही येईल आणि तरीही पार्ट बरोबरच असेल. तुझ्या शाफ्टवर ती पायरी ४०.९ निघाली आणि कोणी "माप चुकलं" म्हणालं, तर हा हिशोब त्याला दाखव. Ø32 लाही हीच ओळ लागते, म्हणजे ३१.७ ते ३२.३ चालेल. त्यावर ग्राइंडिंग करत बसायचं नाही.

चॅम्फर आणि रेडियससाठी याच स्टँडर्डमध्ये वेगळा तक्ता आहे आणि तो जास्त सैल आहे. तुझ्या शाफ्टच्या 1x45° ला ±०.२ येतो. मोठा K हा सरळपणा, काटकोन, रनआउट अशा भौमितिक गोष्टींचा वर्ग आहे. रनआउटला त्यात ०.२ मिळतो. बेअरिंगच्या जागेला एवढा सैल रनआउट पुरत नाही, म्हणून तिथे ड्रॉइंगवर वेगळी चौकट दिलेली असते. फोटोत Ø25 जवळ एक चौकट अर्धवट दिसतेय, ती मूळ शीटवर वाच.

आता तुझा खरा प्रश्न, k की h. त्या आकड्याजवळ कागदाला घडी पडलीय आणि वरून ट्यूबलाइटची चकाकी आलीय. k चे दोन फाटे एकत्र मिसळले की ते h सारखं दिसतं. आधी हे बघ की दोन्हींत फरक किती आहे. छोटं अक्षर शाफ्टसाठी, मोठं भोकासाठी, हे तू शिकलीच असशील. अक्षर सांगतं की टॉलरन्सचा पट्टा मूळ मापाच्या कुठे बसलाय, आणि आकडा सांगतो की तो पट्टा किती रुंद आहे. १८ च्या वर ३० पर्यंतच्या मापाला ६ नंबरचा पट्टा १३ मायक्रॉन रुंद आहे. h मध्ये तो पट्टा २५ ला खालून टेकतो, म्हणजे २४.९८७ ते २५.०००. k मध्ये तो २५ च्या वर असतो, २५.००२ ते २५.०१५. दोन्ही पट्टे एकमेकांना कुठेच शिवत नाहीत. h समजून केलेला एकही शाफ्ट k मध्ये बसणार नाही.

आता पुरावे. पहिला, फोटो खूप मोठा केला की अक्षराच्या पुढे दोन ओळींत बारीक आकडे दिसतात. वरच्या ओळीत शेवटी १५ सारखं काहीतरी आहे आणि खालच्या ओळीत शेवटी २. दशांश चिन्ह पूर्ण पुसलं गेलंय, वाचताना +0015 असं दिसतं. k6 चा तक्ता +०.०१५ आणि +०.००२ सांगतो. h6 असता तर वर शून्य आणि खाली उणे ०.०१३ असतं. ड्रॉइंगवर कोड आणि आकडे दोन्ही दिलेले असतात ते याचसाठी उपयोगी पडतं, एकाने दुसरा तपासता येतो.

दुसरा पुरावा शाफ्टच्या कामात आहे. दोन्ही बाजूंना Ø25, दोघांची लांबी १५ आणि मध्ये Ø32 चा शोल्डर. ६२०५ या बेअरिंगचं बोअर २५ आणि रुंदी १५ असते, म्हणजे या बेअरिंगच्या सीट आहेत. शाफ्ट फिरणारा आहे, त्याच्याबरोबर बेअरिंगची आतली रिंग फिरते. ती शाफ्टवर घट्ट बसायला हवी, नाहीतर लोड आला की रिंग शाफ्टवर सरकत राहते आणि सीट खात जाते. साध्या वर्गाच्या बेअरिंगचं २५ चं बोअर २४.९९० ते २५.००० असतं. k6 शाफ्टवर ते कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त २५ मायक्रॉन घट्ट बसतं. h6 शाफ्टवर मात्र कधी १३ मायक्रॉन सैल, कधी १० मायक्रॉन घट्ट, नशिबावर. डिझाइन करणाऱ्याने इथे h6 दिला असेल असं मला वाटत नाही. Ø20 ला मात्र h6 स्पष्ट वाचता येतोय आणि तो तिथे योग्य आहे, कारण त्यावर चावीच्या आधाराने पुली किंवा कपलिंग सरकवून बसवायचं असतं.

तरीही उद्या विचारून घे. मी एका शॉपमध्ये असताना असाच फोटो सेटरच्या मोबाइलवर आला आणि त्याने k चा h वाचला. चाळीस शाफ्ट ग्राइंड झाले, सगळे २४.९९२ च्या आसपास. शेवटच्या तपासणीतही सगळे पास झाले, कारण तपासणाऱ्यानेही तोच फोटो बघून h6 चा स्नॅप गेज काढला होता. गेज बरोबर, शाफ्ट गेजप्रमाणे बरोबर, आणि सगळा लॉट चुकीचा. कळलं ते असेंब्लीत. तिथल्या फिटरने बेअरिंग हाताने शाफ्टवर सरकवलं आणि ते शोल्डरपर्यंत गेलं. k6 च्या सीटवर बेअरिंग असं हाताने जात नाही, प्रेस लागतो किंवा बेअरिंग गरम करून घालावं लागतं. त्या फिटरने तिथेच काम थांबवलं म्हणून पुढचे गिअरबॉक्स वाचले. कमी झालेला व्यास परत आणता येत नाही म्हणून ते शाफ्ट भंगारात गेले. तेव्हापासून मी तपासणीला फोटोवर चालत नाही. जॉब फोटोवरून लागला असला तरी गेज काढताना मूळ शीट हातात लागते.

मापायचं कसं, तेही आजच ठरव. वर्नियरवर ०.०२ वाचता येतं, म्हणजे २० मायक्रॉन, आणि इथे पट्टाच १३ मायक्रॉनचा आहे. मायक्रोमीटर हवा, तोही मायक्रॉन दाखवणारा. आणि कोणता मायक्रोमीटर घेशील? हात सवयीने ० ते २५ कडे जातो. पण तुझं माप २५.००२ पासून सुरू होतं, म्हणजे त्याच्या रेंजच्या बाहेर. २५ ते ५० चा घे आणि त्याच्याबरोबरच्या २५ च्या सेटिंग रॉडवर शून्य तपासून मगच माप. Ø20 साठी ० ते २५ चा चालेल. शाफ्ट मशीनवरून गरम उतरला असेल तर थोडा वेळ टेबलवर राहू दे, गरम शाफ्ट मोठा दिसतो. मापाची व्याख्या २० अंश सेल्सियसला आहे, आणि नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये काही मायक्रॉनचा फरक सहज पडतो. शाफ्ट आणि सेटिंग रॉड एकाच टेबलवर ठेवलेले असले तर त्यातला बराचसा फरक निघून जातो.

आता टिकमार्कसारख्या खुणा. पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा, म्हणजे फिनिश, ते त्या सांगतात. टायटल ब्लॉकच्या वर एक मोठी खूण आहे, त्यावर 6.3, आणि पुढे कंसात दोन छोट्या खुणा, 0.8 आणि 1.6. याचा अर्थ असा: ज्या पृष्ठभागावर वेगळी खूण नाही त्या सगळ्यांना ६.३, आणि कंसातले अपवाद आहेत, ते चित्रात जिथे काढलेत तिथेच लागू. काही मुलं कंसातले आकडे सगळ्या शाफ्टला लावतात आणि विनाकारण सगळा शाफ्ट ग्राइंड करायला निघतात.

खुणेचा आकार नीट बघ. साधी उघडी टिक म्हणजे कोणत्याही पद्धतीने हा फिनिश आण. टिकच्या वरच्या तोंडावर आडवी रेघ असेल तर मटेरियल काढूनच, म्हणजे टर्निंग, मिलिंग, ग्राइंडिंग वगैरे. टिकच्या कोनात छोटा गोल असेल तर मटेरियल काढायचं नाही, कास्टिंग किंवा फोर्जिंग जसं आलं तसं ठेवायचं. फोटोत रेघ आणि गोल दोन्ही काळ्या ठिपक्यासारखे दिसू शकतात. तुझा शाफ्ट बारमधून टर्न होणार आहे म्हणून इथे प्रश्न नाही. कास्टिंगचं ड्रॉइंग असेल तर मात्र थांब, कारण गोलाऐवजी रेघ समजून मशीनिंग केलं की भिंत पातळ होते. लांब रेघेच्या कोपऱ्यावर, जिथून आडवी रेघ निघते तिथे गोल असेल तर तो वेगळा, त्याचा अर्थ त्या कडेभोवतीच्या सगळ्या बाजूंना हाच फिनिश.

पुसट आकडा ओळखायला इथे एक सोपा मार्ग आहे. Ra चे आकडे मनाला येईल ते नसतात, ठरलेल्या मालिकेतले असतात: ०.०२५, ०.०५, ०.१, ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.३, १२.५, २५, ५०. प्रत्येक पायरी मागच्याच्या साधारण दुप्पट. बेअरिंगच्या सीटवर तुला 0.6 वाटलं असेल, पण मालिकेत ०.६ नाही, म्हणून ते ०.८. याचा दुसरा पुरावाही आहे: एवढ्या व्यासाच्या ६ नंबरच्या बेअरिंग सीटला Ra ०.८ देण्याचीच पद्धत आहे. Ø20 वरचं 16 दशांश चिन्ह हरवलेलं १.६ आहे.

पण ही मालिका लावण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या. एक, खुणेवर Ra लिहिलंय की Rz. पुसट फोटोत a आणि z सारखेच दिसतात. Ra म्हणजे मधल्या रेषेपासून उंच-सखलपणाची सरासरी. Rz म्हणजे शिखर ते दरी अशी उंची. त्याच पृष्ठभागाची Rz ही Ra च्या साधारण चार ते सात पट येते, पक्कं सूत्र नाही. त्यामुळे Rz 6.3 हा फिनिश Ra 6.3 पेक्षा खूप बारीक आहे. Rz मध्ये १६ आणि ६३ हे आकडे खरोखर दिलेले असतात, तिथे दशांश हरवलाय असं धरायचं नाही. दुसरं, ड्रॉइंग इंचातलं आहे का. अमेरिकन ड्रॉइंगवर फिनिश मायक्रोइंचमध्ये असतो, तिथे 63 म्हणजे १.६ मायक्रॉन आणि 32 म्हणजे ०.८. तोच ६३ मिलिमीटरच्या ड्रॉइंगवरचा, दशांश पुसलेला ६.३ असेल तर चौपट खरखरीत. कोणता धरायचा ते टायटल ब्लॉकमधल्या एककाच्या रकान्यावरून ठरतं. तुझ्या फोटोत mm स्वच्छ आहे आणि खुणेवर Ra आहे, म्हणून मालिका लावता आली. युरोपातून आलेलं ड्रॉइंग असेल तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम असतो, 0,8 असा. तोही फोटोत हरवतो.

जुन्या ड्रॉइंगवर टिकऐवजी उलटे त्रिकोण दिसतील, एक, दोन, तीन किंवा चार. त्रिकोण जास्त म्हणजे फिनिश बारीक. एक त्रिकोण रफ मशीनिंगला, दोन त्रिकोण साधारण १.६ ते ८ मायक्रॉन, तीन त्रिकोण १.६ च्या आत. त्रिकोण मोठा पट्टा सांगतो, नेमका आकडा नाही, म्हणून असं ड्रॉइंग आलं तर ग्राहकाकडून Ra लिहून घेतलेला बरा. कधी N6, N7 असेही लिहिलेलं असतं: N6 म्हणजे ०.८, N7 म्हणजे १.६, N8 म्हणजे ३.२, तसंच पुढे.

तुझ्या शाफ्टवर हे सगळं मशीनच्या भाषेत असं येतं: Ø32 आणि फेस साध्या टर्निंगने, कारण ६.३ त्यात आरामात मिळतो. Ø20 चा १.६ चांगल्या इन्सर्टने फिनिश कट घेऊन मिळेल, पण तिथे h6 ही आहे, त्यामुळे लेथ किती नेमका आहे त्यावर टर्निंग की ग्राइंडिंग हे ठरेल. Ø25 च्या दोन्ही सीट ग्राइंडिंगला, आणि शक्यतो दोन्ही एकाच सेटिंगमध्ये, सेंटरवर धरून. म्हणजे टर्निंगमध्ये Ø25 वर ग्राइंडिंगसाठी मटेरियल सोडावं लागेल. किती सोडायचं ते ड्रॉइंगवर नसतं, शॉपच्या प्रोसेस शीटवर असतं. ते बघून घे.

फिनिश तपासताना रफनेस टेस्टरची सुई अक्षाच्या दिशेने चालवायची, म्हणजे टूलच्या रेषांना आडवी. परिघाच्या दिशेने चालवली तर सुई रेषांच्या बरोबर धावते आणि आकडा खोटाच कमी येतो. १.६ आणि ०.८ साठी कटऑफ ०.८ मिलिमीटर आणि त्याच्या पाच लांब्या, म्हणजे ४ मिलिमीटर मापलं जातं. १५ च्या सीटवर त्याला जागा आहे. Ra सरासरी असल्यामुळे एखादा खोल ओरखडा त्यात लपतो. म्हणून टेस्टर लावण्याआधी सीट उजेडात फिरवून डोळ्यांनीही बघ.

उद्या शॉपमध्ये गेल्यावर मूळ शीट मागून घे. खिडकीजवळ टेबलवर सपाट ठेव, मोबाइल कागदाला समांतर धर आणि फ्लॅश बंद ठेव. फोटो काढायची परवानगी आधी विचार, कारण ड्रॉइंग ग्राहकाचं असतं आणि बऱ्याच ठिकाणी फोटो काढायला मनाई असते. एक फोटो पूर्ण शीटचा काढ, मग टायटल ब्लॉक, रिव्हिजनचा तक्ता, सूचना आणि दोन्ही Ø25 यांचे वेगळे जवळून काढ. व्हॉट्सअॅपवर पाठवायचेच झाले तर डॉक्युमेंट म्हणून पाठव. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि आधी दशांश चिन्हंच जातात. सुपरवायझरना तीनच गोष्टी विचार: सध्याची रिव्हिजन कोणती, शीट दोन कुठे आहे, आणि Ø25 ला k6, +०.०१५ +०.००२ बरोबर ना. तिसऱ्याचं उत्तर तोंडी घेऊ नकोस, प्रिंटवर त्या आकड्याभोवती गोल करून त्यांची सही घे. तुझ्या फोटोत Ø20 वरच्या की-वेची रुंदी ६ वाचता येते, पण तिच्या पुढचा टॉलरन्स N9 आहे की P9 हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. P9 मध्ये चावी जास्त घट्ट बसते. तेही त्याच प्रिंटवर बघून घे.